शनिवारी पहाटे मेथी कमी का पडते: तोडणीची सूचना आणि ऑर्डरची मुदत यांचा मेळ कसा बसवला

शनिवारी पहाटे साडेचार वाजता टेम्पोत क्रेट चढवताना आमच्याकडे सलग चार आठवडे एकच प्रकार घडत होता. फोनवरच्या यादीत मेथीच्या जुड्यांचा आकडा मोठा असे आणि गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या जुड्या त्याहून कमी भरत. भेंडीची गतही तीच होती. याउलट एका आठवड्यात पालक आणि मेथी मिळून 19 जुड्या उरल्या आणि सोमवारपर्यंत पिवळ्या पडल्या. त्याशिवाय दर शनिवारी दुपारी एक-दोन घरांतून फोन येई, की दादा, आमची ऑर्डर तुमच्याकडे नोंदवलेली आहे, मग भाजी का आली नाही? या तिन्ही तक्रारींचा शोध घेताना जे सापडले ते येथे क्रमाने लिहीत आहे, कारण शेतातून थेट शहरातील घरांना माल देणाऱ्या इतरांनाही यातील निदान एक अडचण येत असणार.

आमची व्यवस्था आधी सांगतो. शेत पुरंदर तालुक्यात, सासवडजवळ. कोथरूड, कर्वेनगर आणि सिंहगड रस्ता या भागांतील सुमारे 90 घरांना आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, भाजी जाते. टेम्पो पहाटे 5 वाजता निघतो. बुधवारी सकाळी व्हॉट्सअॅपच्या गटावर या आठवड्यात काय निघणार याची सूचना जाते, ऑर्डर गूगल फॉर्मवर येतात आणि त्या आपोआप एका शीटमध्ये जमा होतात. मुदत शुक्रवारी रात्री 8 पर्यंत ठेवली होती.

पहिल्यांदा आम्ही दोष ग्राहकांना दिला. लोक उशिरा ऑर्डर टाकतात, असे गृहीत धरून मुदत 8 वरून 7 वर आणली, परंतु काहीच फरक पडला नाही. मग जुड्या जास्त उपटून पाहिल्या, तर त्याच आठवड्यात त्या 19 जुड्या उरल्या. तेव्हा मुदत पुन्हा 8 वर नेली आणि शुक्रवार, 28 नोव्हेंबरची संपूर्ण यादी समोर घेऊन एकेका ओळीची वेळ वाचत बसलो.

शीटचे घड्याळ वेगळ्याच देशात चालत होते

यादी वाचताना पहिली खटकलेली गोष्ट अशी, की संध्याकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत जवळजवळ एकही ऑर्डर दिसत नव्हती. आमचे बहुतेक ग्राहक नोकरदार आहेत आणि ते जेवणाच्या सुमारास फोन हातात घेतात, हे आम्हाला ठाऊक आहे. शीटमध्ये मात्र सगळी गर्दी पहाटे 5 ते सकाळी 8 या दरम्यान होती. एका नेहमीच्या ग्राहक काकूंनी शुक्रवारी रात्री जेवणानंतर ऑर्डर टाकल्याचे मला नक्की आठवत होते, कारण त्यांनी लगेच "दादा, टाकली बरं का" असा निरोपही पाठवला होता. निरोपावर वेळ 8:27 होती आणि शीटमध्ये त्यांच्या ओळीसमोर त्याच शुक्रवारची सकाळची 6:55.

शीट माझ्या भाच्याने तयार करून दिली होती आणि तो कॅलिफोर्नियात राहतो. त्याने तेथे बसून बनवलेल्या शीटचा वेळविभाग तिथलाच राहिला आणि फॉर्ममधून येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरवर तिथली वेळ उमटत गेली. हिवाळ्यात ती वेळ आपल्या वेळेपेक्षा साडेतेरा तासांनी मागे असते. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे 8:25 झाले, की तेथे त्याच दिवशीचे सकाळचे 6:55 झालेले असतात. दोष त्या साधनाचा नव्हता. नवीन शीट हाती आल्यावर तिचे घड्याळ तपासायचे असते, हे आम्हाला सुचलेच नाही.

परिणाम असा, की "शुक्रवार रात्री 8 पर्यंतच्या ऑर्डर मोज" असे शीटला सांगितले तरी ती तिच्या 8 वाजेपर्यंत मोजत होती, आणि तिचे 8 म्हणजे आपले शनिवारचे सकाळचे 9:30. टेम्पो दिवे घाट उतरून पुण्यात शिरलेला असतानाही शीटच्या हिशेबात ऑर्डर वेळेत येत होत्या. ज्या एक-दोन घरांची नावे पहाटेच्या यादीत नसत पण दुपारी शीटमध्ये दिसत, ती घरे याच साडेचार ते साडेनऊमध्ये ऑर्डर टाकणारी होती. त्यांना फॉर्मने "नोंद झाली" असे सांगितलेले असल्यामुळे त्यांची तक्रार अगदी रास्त होती.

दुरुस्ती एका मिनिटाची आहे. शीटमध्ये `File → Settings → Time zone` येथे जाऊन `(GMT+05:30) India Standard Time` निवडावे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: यानंतर येणाऱ्या ऑर्डरवर योग्य वेळ पडते, आधीच्या ओळींवरील वेळ बदलत नाही. जुन्या ओळी तपासायच्या असतील, तर शेजारच्या रिकाम्या स्तंभात साडेतेरा तास मिळवून पाहावे.

```
=A2+TIME(13,30,0)
```

मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत तेथील घड्याळ एक तास पुढे असते, म्हणून त्या काळातील ओळींसाठी `13` ऐवजी `12` लिहावे लागेल.

या दुरुस्तीनंतर 28 नोव्हेंबरची मेथी पुन्हा मोजली. पहाटेच्या यादीत एकूण 76 जुड्या होत्या. त्यांपैकी शुक्रवारी दुपारी 1 पर्यंत आलेल्या 38, दुपारी 1 ते रात्री 8 या वेळेतील 27, आणि रात्री 8 नंतरच्या 11. उपटलेल्या होत्या 60. म्हणजे 16 जुड्यांच्या तुटीपैकी 11 जुड्या घड्याळाच्या चुकीने यादीत शिरल्या होत्या, त्यांचा प्रश्न सुटला. परंतु वेळेत आलेल्या ऑर्डरच 65 होत्या. उरलेल्या 5 जुड्यांची तूट घड्याळाने समजावून सांगता येत नव्हती.

जाता जाता त्याच यादीत आणखी एक गोष्ट दिसली. काही जणांनी संख्येच्या जागी "2 जुडी" असे लिहिले होते. शीट त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानते, आणि बेरजेत ती ओळ शून्य धरली जाते. फॉर्ममधील त्या प्रश्नाच्या तीन ठिपक्यांमध्ये `Response validation` चालू करून `Number` निवडल्यावर हा प्रकार थांबला.

मुदत कोणत्या भाजीची?

उरलेली तूट समजून घेण्यासाठी मला शीट सोडून वाफ्यावर यावे लागले. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे नेमके काय घडते ते पाहा. मेथी आणि कोथिंबीर आम्ही सकाळी उपटत नाही, कारण थंडीत पानांवर दव असते आणि ओली जुडी बांधून रात्रभर ठेवली तर ती आतून काळी पडते. दव वाळल्यावर, ऊन कलताना, साडेतीनच्या सुमारास उपटणी सुरू होते. बायका साडेपाचला घरी जातात, कारण पुढे अंधार पडतो. त्यांच्यात ज्या अक्का पुढारपण करतात, त्या अडीच-तीनलाच विचारतात, "दादा, किती काढायच्या ते आत्ताच सांगा, मग पुन्हा वाकायला लावू नका."

आणि त्या क्षणी माझ्याकडे खरा आकडा नसे. मुदत रात्री 8 ची असल्यामुळे दुपारी तीनला सुमारे निम्म्या ऑर्डर यायच्या बाकी असत. मी मागच्या आठवड्याकडे पाहून "साठ काढा" असे सांगत असे. कधी साठ कमी पडत, कधी 41 च लागत. म्हणजे मेथीच्या बाबतीत रात्री 8 ही मुदत ग्राहकाच्या सोयीची होती, परंतु शेताच्या दृष्टीने निर्णय साडेचार-पाच तास आधीच होऊन गेलेला असे.

भेंडीची रीत निराळी आहे. भेंडी ऑर्डर येवो न येवो, एकाआड एक दिवस तोडावीच लागते. एखादा तोडा चुकला, की शेंगा जून होतात आणि झाडही पुढची फळे धरण्यात मागे पडते. काकडी आणि दोडका यांचेही तसेच. शुक्रवारी सकाळी 7 ते साडेनऊ तोडा होतो, प्रतवारी करून 10 वाजता वजन होते, आणि त्या क्षणी किती भेंडी आहे हे अर्ध्या किलोच्या अचूकतेने ठाऊक असते. येथे ऑर्डरवरून तोडणी ठरत नाही, तोडणीवरून ऑर्डर किती घ्यायच्या ते ठरते. त्यामुळे भेंडीची मुदत रात्री 7 पर्यंत नेली तरी बिघडत नाही, मात्र माल संपला की ती त्याच क्षणी संपली पाहिजे.

माझ्या मते या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. मागणीप्रमाणे काढण्याची भाजी आणि काढलीच आहे म्हणून विकायची भाजी, या दोन प्रकारांना आम्ही एकच मुदत लावली होती. पहिल्या प्रकाराला मुदत लवकरची हवी आणि ती मजुरांच्या वेळेवरून मागे मोजत यायला हवी: बायका साडेपाचला जाणार, उपटणी आणि जुड्या बांधणे दोन तासांचे, अक्कांना आकडा अडीचला हवा, यादी तपासून बेरीज करायला आणि एखाद-दुसरा फोन करायला मला दीड तास लागतो, म्हणून पालेभाजीची मुदत शुक्रवारी दुपारी 1. दुसऱ्या प्रकाराला मुदतीपेक्षा मर्यादा महत्त्वाची, म्हणून फळभाजीची मुदत रात्री 7, पण "शिल्लक असेपर्यंत".

दोन मुदती एकाच फॉर्ममध्ये बसवण्याचा प्रयत्न मी एक आठवडा केला आणि त्यातून नवीनच बिघाड ओढवून घेतला, तो सांगतो. दुपारी 1 वाजता फॉर्ममधून मेथीचा प्रश्न काढून टाकला आणि पुढच्या बुधवारी पुन्हा घातला. फॉर्मच्या दृष्टीने तो नवा प्रश्न असल्याने शीटमध्ये त्याच्यासाठी उजवीकडे नवा स्तंभ तयार झाला, आणि माझी बेरीज जुन्या स्तंभावर शून्य दाखवत बसली. त्या दिवशी अडीच वाजता मी अक्कांना "मेथीला मागणीच नाही" असे सांगणार होतो. एका ग्राहक ताईंचा त्याच वेळी फोन आला म्हणून चूक कळली. तेव्हापासून दोन फॉर्म स्वतंत्र ठेवले आहेत, एक पालेभाजीचा आणि एक फळभाजीचा. दोन्ही एकाच शीटला जोडले, की त्यांची पाने वेगवेगळी होतात आणि घराचा फोन क्रमांक जुळवून शेवटी एकच पेटी भरता येते. ग्राहकाला दोनदा फॉर्म भरावा लागतो हे खरे, आणि त्याबद्दल कुरकुरही झाली, परंतु प्रश्न न काढता आठवडेच्या आठवडे तसाच ठेवणे हाच स्तंभ जागेवर राहण्याचा उपाय आहे. एखादी भाजी संपली तर प्रश्न काढायचा नाही. त्याच्या पर्यायांत "0 – या आठवड्यात संपली" एवढाच पर्याय शिल्लक ठेवायचा. त्यामुळे स्तंभ बदलत नाही.

दुपारी एकला लागणारी बेरीज अशी आहे. `B1` मध्ये ऑर्डर सुरू झाल्याची तारीख-वेळ आणि `B2` मध्ये मुदत लिहायची. `D` हा मेथीचा स्तंभ.

```
=SUMIFS('Form Responses 1'!D:D,
 'Form Responses 1'!A:A,">"&B1,
 'Form Responses 1'!A:A,"<="&B2)
```

बुधवारचा अंदाज आणि शुक्रवारचे वजन

भेंडीची तूट मात्र मुदतीने सुटणारी नव्हती, कारण ती बुधवारच्या सूचनेतच जन्माला येत होती. 28 नोव्हेंबरच्याच आठवड्याचे उदाहरण घेतो. सोमवारच्या तोड्यात 31 किलो भेंडी निघाली होती, बुधवारी 27. बुधवारी सकाळी वजन होण्यापूर्वीच मी सोमवारच्या आकड्यावरून "शुक्रवारी 30 किलो" असे कळवून मोकळा झालो. त्या दोन रात्री थंडी वाढली, भेंडी हे उष्ण हवेचे पीक असल्याने शेंगांची वाढ मंदावली, आणि शुक्रवारी 22 किलो निघाली. प्रतवारीत वाकडी आणि कीड लागलेली 2 किलो बाजूला गेली. हाती राहिले 20 किलो, म्हणजे अर्ध्या किलोची 40 पाकिटे. तोवर 46 पाकिटांच्या ऑर्डर आलेल्या होत्या.

येथे दोन चुका आहेत आणि त्या वेगळ्या पाहायला हव्यात. पहिली, आकडा शेवटच्या तोड्याचा न घेता त्याच्या आधीच्या तोड्याचा घेतला. दुसरी, अंदाजाला वजन म्हणून कळवले. वाचणाऱ्याला "30 किलो" हा शब्द शेतकऱ्याने तराजूवर पाहिलेला वाटतो. आता बुधवारी वजन झाल्यानंतरच सूचना जाते, तीत शेवटच्या तोड्याच्या साधारण 60 टक्के मालावरच ऑर्डर उघडतो, आणि उरलेला माल शुक्रवारी वजन झाल्यावर, साडेदहा वाजता, दुसऱ्या सूचनेने खुला करतो. बुधवारी 27 किलो निघाली असेल, तर 16 किलो, म्हणजे 32 पाकिटे. शुक्रवारी 40 पाकिटांचा माल भरला, तर 8 पाकिटे वाढवता येतात. ऑर्डर घेतलेली परत करण्यापेक्षा हे फार सोपे जाते. थंडीच्या आठवड्यात किंवा सलग ढगाळ हवा असेल तर मी 60 टक्क्यांऐवजी 50 टक्केच धरतो. उन्हाळ्यात काकडीच्या बाबतीत एवढी सावधगिरी लागत नाही, तेव्हा ती रात्रीतून वाढते आणि अडचण उलटी, म्हणजे माल जास्त होण्याची असते.

एक कारण हवामानाशी संबंधित नसते आणि ते बुधवारीच माहीत असते. फवारणी केली असेल, तर औषधाच्या वेष्टनावर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते, आणि शुक्रवार त्या दिवसांत येत असेल तर ती भाजी त्या आठवड्याच्या सूचनेत घ्यायचीच नाही. फवारणीची तारीख मी आता शीटमध्येच त्या भाजीसमोर लिहितो, कारण फवारणी भाऊ करतो आणि सूचना मी लिहितो. एकदा आमच्या दोघांचे बोलणे झाले नव्हते आणि जाहीर केलेला दोडका शेवटच्या क्षणी मागे घ्यावा लागला.

सूचनेच्या शब्दांकडेही लक्ष द्यावे लागले. आमची जुनी सूचना अशी असे: "नमस्कार, आज ताजी मेथी, पालक, भेंडी उपलब्ध. ऑर्डर लवकर द्या." एका सोसायटीत एक ताई ती आपल्या गटावर पुढे पाठवत आणि तेथे ती गुरुवारी किंवा शुक्रवारी पोहोचे. पुढे पाठवलेल्या निरोपावर मूळ तारीख राहत नाही, पाठवल्याची वेळ पडते. त्यामुळे बुधवारचे "आज" शुक्रवारचे "आज" होऊन जाई, आणि लोक संपलेल्या भाजीसाठी भांडत. निरोप दुरुस्त करावा म्हटले, तर व्हॉट्सअॅपवर पाठवल्यापासून 15 मिनिटांच्या आतच तो बदलता येतो. म्हणून निरोपात आता "आज", "उद्या", "लवकर" हे शब्दच येत नाहीत. नवी सूचना अशी असते:

"बुधवार, 3 डिसेंबर, सकाळी 11 चा अंदाज. शनिवार, 6 डिसेंबरच्या पेटीसाठी. मेथी, पालक, कोथिंबीर: ऑर्डर शुक्रवार, 5 डिसेंबर, दुपारी 1:00 पर्यंत. भेंडी, दोडका: शुक्रवार, 5 डिसेंबर, संध्याकाळी 7:00 पर्यंत, शिल्लक असेपर्यंत. भेंडीचे नक्की वजन शुक्रवारी सकाळी 10:30 ला कळवू."

मुदतीच्या वेळेबद्दल एक जुना अनुभव आहे. पहिल्या वर्षी आम्ही "शुक्रवारी रात्री 12 पर्यंत" असे लिहीत होतो. त्यावर तरुण ग्राहक गुरुवारी रात्रीच घाई करत, कारण त्यांच्या फोनवर शुक्रवार 00:00 वाजता सुरू होतो. आणि ज्येष्ठ मंडळी शनिवारच्या पहाटे दोनलाही शुक्रवारचीच रात्र म्हणत, कारण पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो. दोघांचेही बरोबर होते. रात्री 12 ही वेळ मुदतीसाठी वापरूच नये.

फॉर्म स्वतः बंद होईल असे समजू नये

मुदत लिहिल्याने फॉर्म बंद होत नाही. शुक्रवारी दुपारी 1 वाजता मी बहुधा शेतात किंवा पाण्याच्या पाळीवर असतो, त्यामुळे `Accepting responses` हे बटण हाताने बंद करणे दोनदा राहून गेले. भाच्याने मग ते आपोआप बंद होण्यासाठी छोटी आज्ञावली दिली.

```
function band() {
  const f = FormApp.openById('FORM_ID');
  f.setAcceptingResponses(false);
  f.setCustomClosedFormMessage(
    'या आठवड्याची पालेभाजीची मुदत संपली.');
}
```

ही आज्ञावली ठरावीक वेळी चालवण्याची सोय आहे, पण तिच्यातही एक खाच आहे, जी आम्हाला पहिल्याच शुक्रवारी लागली. आठवड्याच्या वाराप्रमाणे वेळ निवडली, तर तेथे नेमका क्षण मिळत नाही. "दुपारी 1 ते 2" असा तासाचा पट्टा मिळतो आणि त्या तासात ती केव्हाही चालते. त्या दिवशी ती 1:41 ला चालली आणि 6 जुड्या जास्तीच्या आल्या. `Specific date and time` हा प्रकार निवडला तर वेळ नेमकी देता येते, पण ती एकाच वेळेपुरती असते, म्हणून दर बुधवारी सूचना पाठवतानाच त्या आठवड्याची वेळ भरून ठेवतो. आज्ञावलीचे स्वतःचे घड्याळ `Project Settings` मध्ये असते आणि ते शीटपेक्षा वेगळे असू शकते. अर्थात भाच्याने दिलेल्या आज्ञावलीचे तसे होतेच.

नव्या मुदती लागू केल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, 5 डिसेंबरला, दुपारी 1 पर्यंत मेथीच्या 49 जुड्यांची नोंद झाली. अक्कांना अडीचला 52 सांगितल्या, कारण बांधताना दोन-तीन जुड्या पिवळ्या पानांमुळे बाजूला जातातच. एकनंतर 9 जणांनी फोनवर मेथी मागितली आणि त्यांना नाही म्हणावे लागले. त्यांपैकी काहींनी नाराजी दाखवली, एकीने तर "नऊ जुड्या उपटायला असा किती वेळ लागतो?" असे विचारले. वेळ फारसा लागत नाही हे खरे आहे, पण त्यासाठी घरी निघालेल्या बायकांना पुन्हा वाफ्यात उतरावे लागते. पुढच्या आठवड्यात त्या नऊपैकी सात जणांच्या ऑर्डर गुरुवारीच आल्या. भेंडीच्या ऑर्डर वजनापेक्षा जास्त झाल्या नाहीत. 3 पाकिटे उरली, ती घरी लागली.

जे अजून सुटलेले नाही तेही सांगतो. शुक्रवारी दुपारनंतर अवकाळी पाऊस आला, तर एकला मोजलेला आकडा उपयोगाचा राहत नाही. चिखलात उपटलेली मेथी धुवावी लागते आणि धुतलेली पहाटेपर्यंत टिकत नाही. अशा वेळी आम्ही मेथी रद्द करून तसे चार वाजेपर्यंत कळवतो आणि पैसे पुढच्या पेटीत वळते करतो. तसेच पेरणीचा घोळ मुदतीने निघत नाही. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते आणि वाफा पाच-सहा दिवसच चांगल्या स्थितीत राहतो, म्हणून दर आठवड्याला एक वाफा पेरावा लागतो. एक पेरणी चुकली, की महिन्याने एका शनिवारी मेथी नसते आणि त्या वेळी फॉर्ममध्ये प्रश्नासमोर फक्त "0" ठेवण्यावाचून इलाज नसतो.

शेवटची एक तक्रार अलीकडेच निकाली निघाली. कोथरूडच्या एका आजींसाठी त्यांची मुलगी लंडनहून ऑर्डर टाकते आणि तिची मेथी दर आठवड्याला हुकत होती. ती शुक्रवारी सकाळी 8 वाजता, कामावर निघण्यापूर्वी, फॉर्म भरत असे. तेव्हा आपल्याकडे दुपारचे 1:30 झालेले असतात. सूचनेत मुदतीपुढे "भारतीय वेळ" हे दोन शब्द वाढवले आणि तिला स्वतंत्र निरोप पाठवला. ती आता गुरुवारी रात्री झोपण्यापूर्वी फॉर्म भरते.